प्रबंधाचा विषय ठरेपर्यंतचे तीन महिने

15 जुलै 2024 ला आमच्या विभागाच्या फलकावर नोटीस लागली. एम.ए. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या सत्रात 4 क्रेडिटचा शोधप्रकल्प, चौथ्या सत्रात 6 क्रेडिटचा, आणि दोन्ही मिळून एकच प्रबंध. विषय आणि दोन पानी आराखडा 31 ऑगस्टपर्यंत द्यायचा होता. मला वाटलं, विषय तर माझ्याकडे आहेच. प्रत्यक्षात तो पक्का झाला 22 ऑक्टोबरला, आणि तोपर्यंत दोन विषय हातातून गेले होते. मे 2025 मध्ये प्रबंध जमा झाला. मागे वळून पाहिलं तर सगळ्यात जड गेले ते हेच तीन महिने, म्हणून त्यांच्याबद्दलच सविस्तर लिहिते आहे.

स्वतः गावोगाव फिरून माहिती गोळा करणं मला शक्य नव्हतं. दोनशे घरं जरी घ्यायची म्हटली तरी एसटीचं भाडं, मुक्काम, आणि मधे अंतर्गत परीक्षा. गाइड मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "सरकारी सर्वेक्षणांचा घराघरांचा डेटा फुकट मिळतो. त्यात तुझा प्रश्न बसतो का बघ." मी लगेच हो म्हणाले. "बसतो का बघ" या तीन शब्दांत किती काम आहे याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

माझा पहिला विषय होता ऊसतोड. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावातली आहे. आमच्या गल्लीतली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो, आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. माझा चुलतभाऊही जातो. या हंगामी स्थलांतराचा मुलांच्या शाळेवर काय परिणाम होतो, हे मला लिहायचं होतं. मी चार दिवस बसून संदर्भ गोळा केले, प्रस्तावनेची पाच पानंही लिहिली. मॅडमनी ती वाचली आणि एकच विचारलं: "कुठल्या सर्वेक्षणात, कुठल्या रकान्यात?"

उत्तर शोधायला मी microdata.gov.in वर खातं उघडलं. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या सर्वेक्षणांचा डेटा तिथे मिळतो. नोंदणी फुकट आहे. साधा जीमेल पत्ता चालला, आणि डेटा कशासाठी हवा हे दोन ओळींत लिहावं लागलं. पण डेटा उतरवण्याआधी मॅडमनी दुसरंच काम लावलं. प्रत्येक सर्वेक्षणासोबत कोरी प्रश्नावली आणि सर्वेक्षकांना दिलेल्या सूचनांची पुस्तिका असते. त्या दोन्ही छापून, पेन्सिल घेऊन वाचायच्या. झेरॉक्सच्या दुकानात 180 रुपये गेले. सगळ्या प्रबंधात याहून उपयोगी खर्च मी केला नाही.

जुलै 2020 ते जून 2021 या वर्षाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात त्यात, स्थलांतराचे प्रश्न होते. मला आनंद झाला. मग व्याख्या वाचली. आधीचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण आताच्यापेक्षा वेगळं असेल तर ती व्यक्ती स्थलांतरित, आणि नेहमीचं ठिकाण म्हणजे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात ते. माझा चुलतभाऊ नोव्हेंबरात जातो आणि मार्च-एप्रिलला परत येतो. या व्याख्येप्रमाणे त्याचं नेहमीचं ठिकाण गावच राहतं. दरवर्षी चार-पाच महिने खोपीत काढणारा माणूस या तक्त्यात स्थलांतरित दिसतच नाही. शिवाय ते वर्ष कोविडचं.

थोड्या काळासाठी बाहेर जाणाऱ्यांचा वेगळा प्रश्न राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2007-08 च्या 64 व्या फेरीत होता: वर्षभरात कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर होता का. हा प्रश्न ऊसतोडीच्या जवळ जाणारा होता, पण डेटा तोपर्यंत सोळा वर्षं जुना झाला होता.

मी तरीही चिकटून राहिले. निदान बीड जिल्ह्याचं काहीतरी दाखवता येईल असं वाटत होतं. तेव्हा मॅडमनी माझ्याकडून एक हिशेब करून घेतला. पीएलएफएसच्या तेव्हाच्या रचनेत निवडलेल्या प्रत्येक गावातून फक्त 8 घरं घेतली जात. एका जिल्ह्याच्या वाट्याला बारा-पंधरा गावं आली असं धरलं, तर शंभर-सव्वाशे घरं होतात. त्यातली शाळकरी मुलं असलेली किती, ऊसतोडीला जाणारी किती, आणि हंगामात सर्वेक्षक आला तेव्हा कुलूप नसलेली किती? कुलूप असेल तर त्याऐवजी दुसरं घर घेतलं जातं. म्हणजे मला ज्यांच्याबद्दल लिहायचं होतं तीच माणसं नमुन्यातून गळत होती. मी त्या संध्याकाळी वसतिगृहावर येऊन खूप रडले. विषय गेला याचं दुःख होतंच, पण आमची माणसं मोजणीतच नाहीत हे पहिल्यांदा असं रकान्यांमध्ये दिसलं, त्याचं जास्त होतं.

तेव्हा ऑगस्टचा दुसरा आठवडा चालू होता. घाईघाईत मी दुसरा विषय धरला: मुलांच्या शिकवणीवर कुटुंबं किती खर्च करतात, आणि 2011-12 पासून 2022-23 पर्यंत तो किती वाढला. कौटुंबिक उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात हा खर्च विचारलेला असतो, नमुना मोठा असतो, डेटा फुकट असतो. तीन आठवडे मी या विषयावर काढले. मग दोन्ही वर्षांच्या प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या. 2011-12 मध्ये एकाच भेटीत सगळा खर्च विचारला होता. 2022-23 मध्ये तीन वेगळ्या प्रश्नावल्या घेऊन तीन वेगवेगळ्या महिन्यांत त्याच घरी जाऊन विचारला, वस्तूंची यादी बदलली, आणि उत्तरं कागदाऐवजी टॅबवर नोंदवली. लांबलचक यादी एका दमात विचारली की माणूस कंटाळतो आणि आकडे गाळतो. तीच यादी तीन भेटींत वाटून विचारली की आठवून सांगतो. मग दोन वर्षांतला फरक खर्चाचा किती आणि विचारण्याच्या पद्धतीचा किती? मधलं वर्षही मदतीला नव्हतं, कारण 2017-18 च्या खर्च सर्वेक्षणाचे निकाल सरकारने डेटाच्या दर्जाचं कारण देऊन जाहीर केलेच नाहीत. फक्त 2022-23 चं चित्र मांडलं असतं तर विषय टिकला असता, पण माझा प्रश्न वाढीचा होता. मी तो सोडला. 31 ऑगस्टची मुदत चुकली. विभागात अर्ज देऊन ऑक्टोबरपर्यंत वाढवून घ्यावी लागली. अर्जावर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, आणि आवक क्रमांक. आवक क्रमांक टाकून घेतलेली झेरॉक्स स्वतःकडे ठेवली होती म्हणून बरं, कारण मूळ अर्ज पुढे एकदा सापडत नव्हता.

सप्टेंबरमध्ये गौरी-गणपतीला घरी गेले. दीड एकर सोयाबीन, थोडा कापूस, एक म्हैस आणि दोन शेळ्या एवढा आमचा पसारा. आई पहाटे म्हशीची धार काढते, शेण काढते, स्वयंपाक करते, मग खुरपणीला जाते, येताना बांधावरचं गवत आणते. पीएलएफएसची प्रश्नावली माझ्या पिशवीत होतीच. सवय व्हावी म्हणून मी तिच्यावर ती भरून पाहायची ठरवली. पहिलाच प्रश्न: गेल्या 365 दिवसांत बहुतेक काळ काय केलंस?

"मी काय करणार? घरीच असते की," आई म्हणाली.

हे उत्तर तसंच लिहिलं तर सांकेतांक 92 पडतो, म्हणजे फक्त घरकाम. तिला श्रमशक्तीत धरलंच जात नाही. मी पुढे विचारलं, "आणि शेतात?" "शेतात जाते ना. ते काय काम आहे होय? आपलंच आहे." किती दिवस जातेस, हे विचारल्यावर तिने पेरणीपासून वेचणीपर्यंत बोटांवर मोजलं. सहा महिन्यांच्या आसपास निघाले. आता नोंद 21 होते: घरच्या व्यवसायात मदतनीस, मोबदला नाही. तीच आई, तेच वर्ष. बदललं ते फक्त मी आणखी दोन प्रश्न विचारले एवढंच.

सूचनांची पुस्तिका मी रात्री पुन्हा काढली. तिथे ही सीमारेषा किती बारीक आहे ते कळलं. वर्षातला जास्त वेळ ज्यात गेला ती मुख्य स्थिती. त्याशिवाय वर्षात 30 दिवस किंवा जास्त एखादं काम केलं असेल तर ते दुय्यम म्हणून वेगळं नोंदवतात. बाईची मुख्य नोंद 92 आणि दुय्यम नोंद 21 असेल, तर मुख्य स्थितीच्या तक्त्यात ती कामकरी नसते, मुख्य आणि दुय्यम मिळून केलेल्या तक्त्यात असते. वर्तमानपत्रांत येणारे आकडे बहुतेक दुसऱ्या तक्त्यातले असतात. घरच्या म्हशीची धार काढणं हे काम धरलं जातं, दूध घरातच संपलं तरी. पण बांधावरचं गवत फुकट गोळा करून आणणं 93 मध्ये जाऊ शकतं, म्हणजे घरकाम आणि सोबत सरपण, चारा असं गोळा करणं. आईच्या एका सकाळीत हे दोन्ही अर्ध्या तासाच्या अंतराने घडतं.

परत आल्यावर मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे लिही."

योगायोगाने 23 सप्टेंबरला पीएलएफएसचा जुलै 2023 ते जून 2024 चा वार्षिक अहवाल आला. 15 वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 41.7 टक्क्यांवर गेला होता. सगळीकडे त्याच्या बातम्या होत्या. अहवालात आणखी एक आकडा होता: काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारातल्यांचा वाटा याच काळात 51.9 वरून 67.4 टक्क्यांवर गेला होता. स्वयंरोजगार म्हटलं की दुकान, शिवणकाम, बचत गट डोळ्यांसमोर येतात. पण त्या गटात 21 वाल्या बायकाही असतात, म्हणजे माझी आई असते. तिला स्वतःची कमाई नसते. सर्वेक्षणात स्वयंरोजगारातल्या लोकांना महिन्याची मिळकत विचारतात, ती या मदतनिसांना लागू होत नाही.

प्रश्न असा तयार झाला: ग्रामीण महाराष्ट्रात 25 ते 59 वयाच्या विवाहित स्त्रियांचा श्रमसहभाग 2017-18 ते 2023-24 मध्ये जितका वाढला, त्यातला किती भाग मदतनीस म्हणून झालेल्या नोंदींचा आहे? जिल्हा नको, राज्य पुरे. फार तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने महाराष्ट्राचे जे सहा विभाग केले आहेत ते घ्यायचे. त्यातला एक साधारण आपला मराठवाडा आहे. दोन्ही वर्षांची मांडणी एकाच सर्वेक्षण-मालिकेतली, सांकेतांक तेच, आणि नमुन्यात अशा स्त्रिया हजारांच्या घरात. मागचे दोन विषय जिथे अडले होते, तिथे हा अडत नव्हता.

पण मॅडमनी लगेच सही केली नाही. अट घातली: दहा दिवसांत डेटा उतरव, आणि अहवालातला एक प्रसिद्ध आकडा स्वतः काढून दाखव. तो जुळला तरच विषय.

हा सल्ला मी आता प्रत्येकाला देते. अर्थात दहा दिवस सोपे नव्हते. डेटा म्हणजे साधी मजकूर-फाइल असते. आकडे एकाला एक चिकटून, मधे स्वल्पविराम नाही, वर रकान्यांची नावं नाहीत. कुठल्या स्थानापासून कुठल्या स्थानापर्यंत वय, कुठे लिंग, हे सोबतच्या एक्सेलमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्येक वर्षाचा तक्ता त्याच वर्षाच्या फाइलसाठी वापरायचा. मी आधी एकाच तक्त्याने दोन्ही फाइली वाचल्या, आणि एका वर्षात 90 च्या पुढच्या वयाच्या बायका हजारोंनी निघाल्या. असं दिसलं की समजायचं, वाचन एखाद-दुसऱ्या स्थानाने सरकलं आहे. ओळी मोजणं हीसुद्धा चांगली तपासणी आहे. वार्षिक अहवालात पहिल्या भेटीतल्या व्यक्तींची संख्या दिलेली असते: 2023-24 साठी 4,18,159, आणि 2017-18 साठी 4,33,339. माझ्या फाइलीत तेवढ्याच ओळी आल्या तेव्हा पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. तेव्हा फक्त शहरी घरांना पुन्हा भेटी दिल्या जात, त्यांची फाइल वेगळी असते. ती यात मिसळायची नाही, नाहीतर शहरातली माणसं अनेकदा मोजली जातात.

मग मी सरळ टक्केवारी काढली. 41.7 आले नाहीत. कारण भारांक लावले नव्हते. निवडलेल्या गावात घरं सरसकट उचललेली नसतात. ग्रामीण भागात ज्या घरांत दहावी किंवा पुढे शिकलेली तीन किंवा जास्त माणसं आहेत त्यांतून 2, ज्यांत एक-दोन आहेत त्यांतून 4, आणि एकही नाही त्यांतून 2 घरं घेतली जात. गावात जास्त शिकलेली घरं पाच आणि दहावी कुणीच नसलेली घरं ऐंशी असली तरी नमुन्यात दोन आणि दोनच. प्रत्येक ओळीला तिच्या वाट्याचं वजन दिलं नाही, तर शिकलेल्या घरातल्या बायका आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात.

वजन कसं काढायचं हे डेटासोबतच्या सूचना-फाइलीत असतं. मी आर हे सॉफ्टवेअर वापरलं, कारण ते फुकट आहे आणि माझ्या 4 जीबीच्या लॅपटॉपवर चाललं. रकान्यांना नावं मी दिली होती:

```r
p$wt <- ifelse(p$nss == p$nsc, p$mult/100, p$mult/200)
p$wt <- p$wt / p$no_qtr
f  <- subset(p, sex == 2 & age >= 15)
lf <- f$pas <= 81 | f$sas %in% c(11,12,21,31,41,51)
weighted.mean(lf, f$wt)
```

`mult` म्हणजे फाइलीतला भारांक, `nss` आणि `nsc` म्हणजे एका उपनमुन्यातल्या आणि सगळे उपनमुने मिळून घेतलेल्या गावांची मोजणी, `no_qtr` म्हणजे तिमाह्यांची संख्या. `pas` ही मुख्य स्थिती, `sas` ही दुय्यम. 81 म्हणजे काम शोधणारी, त्याखालचे सगळे सांकेतांक कामाचे. दुसरी ओळ मी आधी विसरले होते. गंमत अशी की तिच्याशिवायही टक्केवारी जवळपास बरोबरच येते, त्यामुळे चूक लपून राहते. वजनांची बेरीज केली तेव्हा भारताची लोकसंख्या चारशे कोटींच्या पुढे निघाली. चार तिमाह्यांचं वजन एकत्र झालं होतं. तिमाह्यांनी भागल्यावर ती खाली आली, ती खऱ्या लोकसंख्येपेक्षाही कमी. हे या सर्वेक्षणात अपेक्षित आहे. म्हणून इथून टक्केवाऱ्या आणि गुणोत्तरं घ्यायची, "इतके कोटी स्त्रिया" असं लिहायचं नाही.

4 ऑक्टोबरच्या रात्री साडेअकराला पडद्यावर 0.417 आलं. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला उठवून दाखवलं. तिला त्यात काय एवढं ते कळलं नाही, पण तिने चहा केला. मग 2017-18 चे 23.3 जुळवायला आणखी दोन दिवस गेले.

15 ऑक्टोबरला समितीसमोर आराखडा मांडायचा होता. पंधरा मिनिटं बोलणं, दहा मिनिटं प्रश्न. मांडणी सोपी ठेवली, आणि त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण फळ्यावर लिहिलं. समजा आधी शंभर बायकांपैकी 30 कामकरी होत्या, त्यातल्या 10 मदतनीस. नंतर 50 कामकरी, त्यातल्या 22 मदतनीस. काम करणाऱ्यांमधला मदतनिसांचा वाटा 33 वरून 44 टक्के झाला, हे वाचून वाढ बेताची वाटते. पण शंभरातला हिशेब धरला तर सहभाग 20 ने वाढला आणि त्यातले 12 मदतनीस म्हणून आले, म्हणजे वाढीतला साठ टक्के भाग. म्हणून छेदात नेहमी सगळ्या बायका ठेवायच्या, फक्त कामकरी नाहीत. मग प्रत्येक प्रकारातली वाढ बेरजेत बसते: स्वतःचं काम, मदतनीस, पगारी, मजुरी, आणि काम शोधणाऱ्या.

समितीतल्या एका सरांनी कारण विचारलं: वाढ का झाली, ते कुठे आहे? मी सांगितलं की प्रबंधाचं नाव "वाढीची फोड" आहे, "वाढीची कारणं" नाही. दोन वर्षांच्या दोन वेगळ्या नमुन्यांवरून कारण सिद्ध करता येणार नाही. ग्रामीण भागात तेव्हा त्याच घरी परत भेट दिली जात नव्हती, त्यामुळे एकच बाई आधी काय करत होती आणि नंतर काय, हे दिसत नाही. हे आराखड्यात आधीच लिहिलेलं असल्यामुळे चर्चा लवकर आटोपली.

दुसरा प्रश्न खरा अवघड होता, आणि तो आमच्या घरातूनच आला होता. सर्वेक्षक आता जास्त खोदून विचारत असतील, तर पूर्वी 92 लिहिलेली बाईच आज 21 लिहिली जात असेल. मग वाढ कामाची की नोंदीची? गणपतीत मी आईबरोबर तेच तर केलं होतं. याला पूर्ण उत्तर या डेटात नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. पण एक तपासणी सुचवली. याच प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांत रोज किती तास काम केलं हेही नोंदवलेलं असतं. नंतरच्या वर्षातल्या मदतनीस बायकांचे आठवड्याचे तास आधीच्या वर्षातल्यांपेक्षा बरेच कमी असतील, तर थोडंफार काम करणाऱ्या बायकाही आता नोंदल्या जात आहेत अशी शंका बळावते. तास साधारण तेवढेच असतील तर नुसत्या नोंदीवर बोट ठेवणं कठीण होतं. मुख्य आणि दुय्यम नोंद वेगवेगळी दाखवणं हीसुद्धा त्याच शंकेची दुसरी बाजू. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, हे स्वतंत्र प्रकरण करा. तेच पुढे माझं चौथं प्रकरण झालं, आणि सगळ्या प्रबंधात मला सर्वांत जवळचं तेच आहे.

तिसरी सूचना वर्षांबद्दल होती. फक्त टोकाची दोन वर्षं का, मधली का नाहीत? मधली घेतली की मार्च 2020 च्या शेवटी लागलेली टाळेबंदी आत येते. त्याच वर्षी, 2019-20 मध्ये, स्त्रियांचा सहभाग 24.5 वरून 30 टक्क्यांवर उडी घेतो. टोकाच्या वर्षांवर फोड करायची आणि मधल्या वर्षांची फक्त एक रेषा परिशिष्टात द्यायची, असं ठरलं.

22 ऑक्टोबरला मंजुरीचं पत्र हातात आलं. शीर्षक होतं: "ग्रामीण महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांच्या श्रमसहभागातील वाढीची फोड: घरच्या व्यवसायातील मदतनिसांचा वाटा, 2017-18 आणि 2023-24". एवढ्या लांब शीर्षकाचा आधी मला कंटाळा होता. पुढे सहा महिने प्रत्येक वेळी रस्ता चुकला की त्यातला एकेक शब्द वाचून परत येता आलं. विषय ठरेपर्यंतचा खर्च: प्रश्नावल्या आणि पुस्तिकांच्या झेरॉक्स 180 रुपये, दुसऱ्या विषयाच्या वेळच्या झेरॉक्स 140, मोबाइल डेटाचे दोन जादा रिचार्ज, आणि एक 64 जीबीचा पेनड्राइव्ह 450 रुपयांचा. डेटा आणि सॉफ्टवेअर यांना एक रुपया लागला नाही. पेनड्राइव्हवर मूळ फाइली, त्यांचे तक्ते आणि उतरवल्याची तारीख असं सगळं एकत्र ठेवलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला: डेटा कधी उतरवला, कुठली आवृत्ती?

तुम्ही अशाच कामाला बसणार असाल तर आधी प्रश्नावली वाचा, मग पुस्तिकेतल्या व्याख्या, मग ओळींची संख्या, आणि मग एक प्रसिद्ध आकडा. संदर्भसाहित्य त्यानंतर. मी उलट्या क्रमाने गेले आणि सात आठवडे घालवले. ऊसतोडीची ती पाच पानं अजून माझ्याकडे आहेत.

दिवाळीत घरी गेले तेव्हा चुलतभावाची निघायची तयारी चालली होती. ट्रॅक्टर दारात उभा होता, भांडी आणि अंथरुणं चढवली जात होती, वहिनी धाकट्याला झोळीत घेऊन बसली होती. त्याने विचारलं, "मग, आमच्यावर लिहिलंस का?" मी म्हटलं, "नाही रे दादा, मोजणीत तुम्ही सापडत नाही." तो थोडा थांबला. "कुलूप असतं ना," म्हणाला, आणि किल्ली आईच्या हातात देऊन गेला.